अनुभव धागा: कॉलन्यांच्या टूर्नामेंटसाठी मैदान विचारताना काय लिहिलंत, काय राहून गेलं?

फाट्यावरचा सेक्रेटरी
पाथर्डी फाट्याकडच्या आम्हा आठ कॉलन्यांची टेनिस बॉल टूर्नामेंट डिसेंबरात एका शनिवार-रविवारी घ्यायची आहे. गेल्या वर्षी मी मैदानवाल्यांना एवढंच लिहिलं होतं, "शनि-रवि मैदान मिळेल का? रेट कळवा." मिळेल म्हणाले. शनिवारी सकाळी सातला आम्ही स्टंप ठोकतोय, तर कोचिंगची पोरं पॅड बांधून हजर. त्यांची बॅच रोज नऊपर्यंत असते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रविवारची फायनल शेवटी दोन गाड्यांच्या हेडलाइटात उरकली. तुमचे अनुभव लिहा, यंदा पत्र नीट पाठवायचंय.

सिडकोचा ऑलराउंडर
सरळ "दोन दिवस पूर्ण" असं लिहायचं. विषय संपला.

जुना अंपायर
नाही संपत. मैदानवाल्याचा "पूर्ण दिवस" कोचिंग सुटल्यावर सुरू होतो आणि माळी घरी जायच्या वेळेला संपतो. ताबा किती वाजता हवा आणि मैदान झाडून परत किती वाजता देणार, हे घड्याळाच्या आकड्यात लिहा. त्याआधी स्वतःचा हिशेब करा. आठ ओव्हरची एक इनिंग साधारण ३५ मिनिटं खाते. दोन इनिंग आणि मधली धावपळ धरली की मॅच ८५ मिनिटांची. चार-चारचे दोन गट केलेत तर गटातल्या १२, दोन सेमी आणि फायनल मिळून १५ मॅच, म्हणजे सव्वाएकवीस तास. डिसेंबरात आपल्याकडे साडेआठपर्यंत गवत ओलं असतं आणि सहाला बॉल दिसेनासा होतो. दोन दिवसांत जेमतेम १९ तास हाती लागतात, त्यात जेवण, टॉस आणि पाहुण्यांचं भाषण. बसत नाही. सहा ओव्हर करा, मॅच तासात संपते, १५ तासांत काम होतं. नाहीतर नॉकआउट घ्या, सातच मॅच.

रात्रपाळी
मग लाइटवालं मैदान घ्या की. रात्री खेळा, उन्हाचाही त्रास नाही.

जुना अंपायर
डिसेंबरात ऊन कसलं आलंय! रात्री दव सकाळइतकंच पडतं. टेनिस बॉल भिजून जड होतो, बॉलरच्या हातातून सुटतो. शिवाय दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही, आणि कॉमेंट्रीशिवाय कॉलनीची टूर्नामेंट कोण बघतं? तरी लाइट घेणारच असाल तर भाड्यात किती तास धरलेत आणि वीज गेल्यावर जनरेटर कोणाचा, ते आधीच विचारा.

गंगापूर रोडची आई
माझ्या मुलाच्या वाढदिवसाला बॉक्स क्रिकेटचा टर्फ दोन तासांसाठी घ्यायचाय. अ‍ॅडव्हान्स किती मागतात?

फाट्यावरचा सेक्रेटरी
ताई, इथे मोठ्या मैदानाचं चाललंय. टर्फवाले तासावर घेतात, थेट फोनच लावा.

रजिस्टर सांभाळणारा
मी एका मैदानाचं बुकिंग बघतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. चौकशीत मी आधी बॉल कोणता ते बघतो. सीझन बॉल असेल तर मातीची विकेट आदल्या दिवशी पाणी मारून, रोलर फिरवून तयार करावी लागते, आणि दिवसात सात-आठ मॅच झाल्या तर ती फुटते. टेनिस बॉलला सिमेंटवर मॅट टाकून भागतं. नुसतं "क्रिकेट" लिहिलं तर मी काय तयार ठेवू?

दुसरं म्हणजे मंडप. गेल्या जानेवारीत एका ग्रुपने न सांगता बाउंड्रीच्या आत मंडपाचे लोखंडी खुंटे ठोकले. काढल्यावर वीतभर खोल २२ खड्डे राहिले, आणि सोमवारी सकाळी आमच्याच एका पोराचा पाय त्यात मुरगळला. डिपॉझिट कापलं, तर भांडण. मंडप कुठे, किती बाय किती, आणि मिसळीचा स्टॉल असेल तर गॅसची शेगडी पेटणार का, हे आधी लिहिलं तर जागा आम्हीच दाखवतो.

सिडकोचा ऑलराउंडर
"टूर्नामेंट" लिहिलं की भाडं वाढतं, साहेब. आम्ही "प्रॅक्टिस मॅच" लिहितो.

रजिस्टर सांभाळणारा
आणि मग बॅनर, स्पीकर, ट्रॉफीचं टेबल बघून वॉचमन गेटवर अडवतो. भाडं वाढतं हे खरं आहे, पण घासाघीस आधी करा.

सिडकोचा ऑलराउंडर
आमचं आजवर तीनदा चाललंय. बघू.

फाट्यावरचा सेक्रेटरी
मसुदा असा केलाय: "८ संघ, टेनिस बॉल, मॅटिंग विकेट. सहा ओव्हरच्या १५ मॅच, शनिवारी ८ आणि रविवारी ७. दोन्ही दिवस ताबा सकाळी ७ ते संध्याकाळी ७, यात मांडणी आणि सफाई धरली आहे. सकाळची बॅच असल्यास कृपया कळवा. १५ बाय १५ चा एक मंडप बाउंड्रीबाहेर, एक स्पीकर, चहा बाहेरून येईल. तारीख न जमल्यास पुढचा शनि-रवि चालेल. भाडं, डिपॉझिट आणि अवकाळी पाऊस आल्यास पैसे परत की तारीख बदलून, हे लेखी कळवावे."

रजिस्टर सांभाळणारा
पावसाचं लेखी उत्तर सगळे देतीलच असं नाही, आमचे मालकही तोंडीच बोलतात. आणि गाड्या किती येणार ते टाका. आठ संघ म्हणजे शंभरेक खेळाडू, साठ-सत्तर बाइक तरी धरा. आमच्या गेटसमोरच्या बंगलेवाल्यांनी दोनदा पोलिस बोलावलेत, ते पार्किंगवरूनच.