टीएमबी १२, एमएसएस: मग इम्युनोथेरपी का नाही?

फोंडेकर: मावशीचा मोठ्या आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला आहे. गाठीच्या जनुक-पॅनेलच्या रिपोर्टात टीएमबी, म्हणजे डीएनएच्या दर मेगाबेसमागचे बदल, १२ आणि एमएसएस, म्हणजे डीएनए-दुरुस्ती शाबूत, असं आलंय. अमेरिकेत २०२० पासून टीएमबी १० किंवा जास्त असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मंजुरी आहे, अवयव कुठलाही असो. तरी इथले डॉक्टर द्यायला तयार नाहीत. एमएसआय, म्हणजे ती दुरुस्ती बिघडलेली असणं, हा जुना निकष धरून बसलेत. गोव्यात नवं काही पोचायला दहा वर्षं लागतात हेच खरं.

पेशीपारखी: फोंडेकर, शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ती मंजुरी ज्या अभ्यासावर उभी आहे त्यात टीएमबी जास्त असलेले १०२ रुग्ण होते आणि २९ टक्क्यांची गाठ आक्रसली. गर्भाशयमुख, लाळग्रंथी, थायरॉइड, फुप्फुसाचा स्मॉल सेल असे दहा प्रकार त्यात होते. मोठ्या आतड्याचा एकही रुग्ण नव्हता. मंजुरीच्या कागदावर अवयव लिहिलेला नाही, पण पुरावा अवयवांतूनच आला आहे.

एमएसआय असलेल्या गाठीत डीएनएची अक्षरं वाढण्या-गळण्याच्या चुका होतात, वाचनाची चौकटच सरकते आणि पुढचं सगळं प्रथिन परकं दिसू लागतं. एमएसएस गाठीत बहुतेक बदल एका अमिनो आम्लाचे असतात. बारा बदल आणि बारा बदल सारखे नव्हेत. एमएसएस असूनही खरोखर दाद देणारा आतड्याचा एक गट आहे, पीओएलई जनुकात पी२८६आर किंवा व्ही४११एल बदल असलेला. पण तिथं टीएमबी शंभराच्या घरात असतो. १२ नव्हे.

आता तो १२ आकडा खरा आहे का ते बघा. बहुतेक पॅनेल फक्त गाठीवर होतात, रक्ताचा नमुना सोबत नसतो, त्यामुळे जन्मजात बदलही कॅन्सरचे म्हणून मोजले जाऊ शकतात.

तिसवाडी_ऑन्को: पेशीपारखी, तुम्ही एमएसआयला देव्हाऱ्यात बसवताय. आतड्याच्या कॅन्सरचा केनोट १७७ हा अभ्यास आठवा. सगळे रुग्ण एमएसआय-हाय, तरी पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांत आजार थेट वाढला. किमोत तो आकडा १२ टक्के होता. एमएसआय असूनही असं होत असेल, तर टीएमबीचा वेगळा आधार घेण्यात गैर काय? आणि मावशीकडे दुसरे पर्याय संपत आलेत, हे लक्षात घ्या.

ग्लास-स्लाईड: त्या २९ टक्क्यांतले किती खरोखर एमएसआय होते हा प्रश्न कुणी विचारत नाही! फ्रान्सच्या एका गटाने इम्युनोथेरपी घेतलेले ३८ रुग्ण तपासले. सुरुवातीपासूनच दाद न देणारे ५ निघाले आणि त्यातल्या ३ जणांचं एमएसआयचं निदानच चुकलेलं होतं. मूळ दुखणं फॉर्मलिनमध्ये आहे.

आतडं न उघडता, बरणीत कोंबून, जेमतेम बुडेल इतक्या फॉर्मलिनमध्ये येतं. नियम साधा आहे: आतडं उभं चिरून उघडा, धुवा, नमुन्याच्या दहापट आकारमानाचं १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन घ्या, तासाभरात बुडवा, किमान ६ तास आणि ७२ तासांच्या आत प्रोसेसिंगला लावा. न उघडलेल्या आतड्यात गाठीच्या मध्यापर्यंत फॉर्मलिन पोचतच नाही. मग एमएलएच१ आणि पीएमएस२ या दुरुस्तीच्या प्रथिनांचा रंग मध्यभागी चढत नाही आणि रिपोर्टात "लॉस" लिहिलं जातं, म्हणजे प्रथिन नाही आणि गाठ एमएसआय.

तिसवाडी_ऑन्को: शल्यचिकित्सकांवर खापर फोडणं सोपं आहे. रिपोर्टावर सही पॅथॉलॉजिस्टची असते. शेजारच्या लिम्फोसाइटच्या केंद्रकात रंग आहे का, हे न बघता "लॉस" लिहिणं ही वाचणाऱ्याची चूक. ती फॉर्मलिनची नव्हे.

ग्लास-स्लाईड: सही करणाऱ्यापुढे जे येतं तेच तो वाचणार ना! चवथीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ऑपरेशन झालं की बरणी पाच-पाच दिवस टेबलावर. पाचव्या दिवशी कोणता अँटिबॉडी नीट चालणार? तरी तुमचा मुद्दा घेते: लिम्फोसाइट आणि स्ट्रोमा दोन्ही कोरे असतील तर तो "लॉस" नव्हेच, टेस्ट फेल. पुन्हा गाठीच्या कडेचा ब्लॉक घ्यायचा. एकटा एमएलएच१ गेलाय आणि पीएमएस२ शाबूत असेल तरी संशय घ्यायचा, कारण ही दोघं जोडीनं जातात. आणि गुदाशयाला रेडिएशन दिल्यावरचा नमुना असेल तर एमएसएच६ या प्रथिनाचा रंग फिका पडतो, म्हणून आधीची बायॉप्सी मागवायची.

साखळीची बाय: माझ्या बहिणीला गर्भाशयाच्या कॅन्सरला हेच औषध दिलं आणि गाठ जवळजवळ गेली. तिचा रिपोर्ट एमएसएच२ आणि एमएसएच६ नाही असा होता. मग मावशीला का नाही देत?

पेशीपारखी: बाय, बहिणीला बरं वाटलं हे ऐकून आनंद झाला. तिच्याकडे दुरुस्तीची प्रथिनंच नव्हती, म्हणजे ती एमएसआयच्याच बाजूची. मावशी त्या बाजूची नाही, वाद तेवढाच आहे. तुमच्या घरात मात्र लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषाची रक्ततपासणी झाली नसेल तर तिचं विचारा.

ग्लास-स्लाईड, पाच दिवसांच्या बरणीचा मुद्दा टीएमबीलाही लागू आहे. फार वेळ फॉर्मलिनमध्ये राहिलेल्या डीएनएत सायटोसिन बिघडतो आणि सी चा टी झाला असं यंत्र वाचतं. ते बदल कमी प्रमाणात, ५ टक्क्यांच्या आसपास दिसतात.

फोंडेकर, रिपोर्टाच्या शेवटी बदलांची यादी असेल तर अ‍ॅलील फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे कोणता बदल किती टक्के प्रतींत आहे त्याचा, रकाना इथं टाका. नावगाव नको.

फोंडेकर: पॅनेल १.२५ मेगाबेस. एकूण १५ बदल मोजलेत. केआरएएस जनुकातला बदल १५ टक्के. सहा बदल ४७ ते ५२ टक्के. दोन ५ टक्क्यांच्या जवळ, दोन्ही सी चा टी. बाकीचे सहा १३ ते १७.

पेशीपारखी: केआरएएस १५ टक्क्यांवर आहे आणि असा बदल सहसा दोनपैकी एकाच प्रतीत असतो, म्हणजे नमुन्यात गाठीच्या पेशी साधारण ३० टक्के. अशा नमुन्यात गाठीतला साधा बदल १५ च्या आसपासच दिसणार. पन्नाशीतले सहा बदल बहुधा जन्मजात आहेत, मावशीच्या प्रत्येक पेशीतले. ते गाळायला प्रयोगशाळा लोकसंख्येचे डेटाबेस वापरते, पण त्यांत भारतीय कमी. आपल्याकडचा दुर्मिळ जन्मजात बदल तिथं सापडत नाही आणि कॅन्सरचा म्हणून मोजला जातो. ते सहा आणि फॉर्मलिनचे दोन काढा. उरले ७. त्यांना १.२५ ने भागलं की ५.६.

तिसवाडी_ऑन्को: दुसरी प्रत गेली असेल तर गाठीतला बदलही वर चढतो. तुम्ही ते धरलं नाही.

पेशीपारखी: धरलं. ३० टक्के पेशींत निरोगी प्रत गेली तर १८, तिच्या जागी बदललेली प्रत दुप्पट झाली तर ३०. पन्नाशीला पोचायला त्या जागेच्या बऱ्याच प्रती वाढलेल्या लागतील आणि सहा वेगवेगळ्या जागी तसं होणं अवघड. खात्री करायची तर ईडीटीए नळीत २-३ मिली रक्त घेऊन त्याच प्रयोगशाळेला जोडीची तपासणी मागा.

तिसवाडी_ऑन्को: ठीक, हा आकडा १० च्या वर धरता येणार नाही, हे मान्य. पण रक्त जोडून ११ आला असता तर? माझ्या मते शेवटच्या टप्प्यात, घरच्यांना शक्यता स्पष्ट सांगून, दोन-तीन डोस देऊन स्कॅन बघणं चूक नाही.

पेशीपारखी: आतड्यात, पीओएलई नसताना, मी ते सुचवणार नाही. दर ३ आठवड्यांनी २०० मिलिग्रॅमचा खर्च आणि त्यात किमोचा गेलेला काळ, दोन्ही परत मिळत नाहीत.

ग्लास-स्लाईड: फोंडेकर, एमएसएस हा निकाल पॅनेलचा की आयएचसीचा, म्हणजे अँटिबॉडीनं प्रथिनं रंगवून बघण्याचा? चार अँटिबॉडीचा रिपोर्ट वेगळा असेल तर तोही बघा. दोन्ही जुळत नसतील तर पीसीआरला ब्लॉक पाठवा, पण आधी गाठीचा भाग खुणेनं निवडून घ्यायला सांगा. ३० टक्क्यांवर पीसीआर काठावरच चालतो.

फोंडेकर: आयएचसी झालेलीच नाही. ब्लॉक उद्या मागवतो. रक्ताचं डॉक्टरांशी बोलतो.