मदत हवी आहे: मुख्याध्यापिकांना पाठवायची मेल 'आपोआप' या शब्दापाशी अडलीये

शाईची_दौत: नाशिकमधल्या एका विनाअनुदानित शाळेला प्रवेशाच्या हंगामात फेसबुक-इन्स्टाच्या पोस्ट चालवून देण्याचा प्रस्ताव पाठवायचाय. पोस्ट आधी लिहून मेटा बिझनेस सूटमध्ये वेळ लावून ठेवायच्या, जाण्याआधी शाळेने बघायच्या, असं काम. मेलमधला मुख्य भाग:

"आपल्या प्रवेशविषयक पोस्ट ठरलेल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होतील. प्रत्येक पोस्ट आधी आपल्याकडे येईल. 24 तासांत उत्तर न आल्यास ती मंजूर समजली जाईल."

बाईंना फोनवर कल्पना दिली, तर म्हणाल्या, "आपोआप म्हणजे आम्हाला न विचारता?" काय बदलू?

खडूफळा: शेवटचं वाक्य उलटं करा: उत्तर नाही, तर पोस्ट नाही. मार्चमध्ये बाई परीक्षा आणि निकालात बुडालेल्या असतात, मेल दोन-दोन दिवस उघडत नाहीत. मी एका शाळेच्या ऑफिसात होतो. 'आरटीई अर्जाचा आज शेवटचा दिवस' ही पोस्ट आठवडाभर आधी लावलेली. आदल्या संध्याकाळी मुदत वाढली, पोस्ट मात्र सकाळी 9 ला गेलीच. दुपारपर्यंत खिडकीवर पालक, हातात रहिवासी पुरावा आणि जन्मदाखला. तेव्हापासून तारीख असलेली पोस्ट आम्ही वेळ लावून ठेवायचो नाही. सकाळी क्लार्क पोर्टल बघायचा, मगच टाकायची. शाळेची ओळख, बसचे मार्ग असल्या पोस्ट खुशाल लावा.

पुणेरी_चहा: एवढं कशाला? शाळेकडून पासवर्ड घ्या, चूक झाली की लगेच डिलीट करता येते.

खडूफळा: डिलीट होते, पण तोवर स्क्रीनशॉट पालकांच्या ग्रुपवर गेलेला असतो. लगेच काढता यायला हवी हे बरोबर, पण त्याला पासवर्ड लागत नाही. शाळेने पेजवर तुम्हाला काम करण्यापुरता अ‍ॅक्सेस द्यावा, नको तेव्हा काढून घ्यावा. हे मेलमध्ये लिहा, बाईंना धीर येईल.

मिहीरची_मावशी: भाचा जानेवारीत जन्मलाय. 31 डिसेंबरला सहा पूर्ण लागतात ना पहिलीला? मग त्याचं वर्ष जाणार का?

शाईची_दौत: मावशी, पुढच्या जानेवारीत सहाचा होणार असेल, तर हो, या वर्षी नाही बसत. पण हाच प्रश्न पोस्टखाली रात्री 11 ला येणार! त्याला उत्तर कोण देणार, ते मी लिहिलंच नव्हतं. आता असं केलंय:

"पोस्ट मी लिहीन. आपण किंवा आपण नेमलेल्या शिक्षिका 'चालेल' म्हणाल तेव्हाच ती वेळेला लावली जाईल. उत्तर आले नाही, तर ती जाणार नाही. तारीख, फी किंवा जागांचा उल्लेख असलेली पोस्ट त्याच सकाळी आपल्या कार्यालयाशी पडताळूनच जाईल. पालकांच्या प्रश्नांना उत्तर शाळाच देईल. आलेले प्रश्न दिवसातून दोनदा शाळेला कळवण्याचे काम माझे."

खडूफळा: 'आपोआप' गेला, उत्तम. पण दोनदा पुरणार नाही. सोडतीच्या दिवशी तर नाहीच.

शाईची_दौत: त्या दिवसाचे पैसे वेगळे लावू का? तिथेच अडलेय.