मदत हवी आहे: फोटोतला फिकट चट्टा कुष्ठरोगाचा संशयित धरायचा का? बधिरता नेमकी कशी तपासायची?

गटप्रवर्तक_चंद्रपूर
आमच्या एका आशाताईने व्हॉट्सअपवर फोटो पाठवलाय. बाई अंदाजे पस्तिशीच्या, डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मनगट आणि कोपराच्या मधे फिकट चट्टा. खाज नाही, दुखत नाही, बरेच महिने आहे म्हणतात. फोटोत चट्टा जवळजवळ पांढरा दिसतो, म्हणून ताईंना कोड वाटतंय. कापूस फिरवला तर बाई म्हणाल्या, "कळतंय." सोडून द्यायचं का?

रानवारा
खाज नाही, दुखत नाही, फिकट आहे, म्हणजे कुष्ठरोगच. शंका असेल तर टाचणी टोचून बघा, लगेच कळेल.

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
रानवारा, खाज आणि दुखणं नसणं ही चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर निदान होत नाही. कोडालाही सहसा खाज नसते. आणि टाचणी नको. बधिर जागी जखम झाली तर बाईंना ती कळणारही नाही.

ताई, आधी फोटो. फ्लॅश मारला असेल तर फिकट त्वचा पांढरीफटक दिसते, आणि मोबाइलचा ब्युटी मोड चट्ट्याची कड पुसून टाकतो. दोन्ही बंद करा. दिवसा ओसरीच्या सावलीत, उजेड एका बाजूने येईल असं बसवा, म्हणजे कड उंचावलेली असेल तर दिसेल. एक फोटो दोन्ही हात शेजारी ठेवून लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे जातात. बाईंना विचारूनच काढा, चेहरा येऊ देऊ नका.

कोड दुधासारखं पांढरं असतं आणि त्यातले केसही पुष्कळदा पांढरे होतात. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात रंग कमी होतो, पूर्ण जात नाही. तो बऱ्याचदा कोरडा असतो, केस विरळ असतात.

आता चाचणी. कापूस फिरवला, तिथेच घोळ झाला. फिरवला की केस हलतात, शेजारची चांगली त्वचाही ओढली जाते, आणि बाई खरंच "कळतंय" म्हणतात. कापसाला पीळ देऊन बारीक टोक काढा. डोळे उघडे असताना आधी उजव्या हाताच्या त्याच जागी टेकवून दाखवा: "स्पर्श झाला की त्याच जागी एक बोट ठेवा." मग डोळे मिटायला सांगा. टोक सरळ टेकवा आणि उचला. कधी चट्ट्याच्या आत, कधी चांगल्या त्वचेवर, मधलं अंतर कमीजास्त ठेवून. "कळलं का?" असं दर वेळी विचारू नका, नाहीतर माणूस अंदाजाने हो म्हणतो. मधेच एकदा न टेकवता थांबा. तेव्हाही बोट ठेवलं तर पुन्हा समजावून पहिल्यापासून करा.

मायबोलीकरीण
माझ्या मुलाच्या दोन्ही गालांवर असेच फिकट डाग आहेत, सात वर्षांचा आहे. कापूस लावला तर कळतो. म्हणजे कुष्ठरोग नाही ना?

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असतं, त्यामुळे कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही स्पर्श कळू शकतो. लहान मुलांच्या गालावर असे डाग बहुतेकदा साधेच असतात, पण इथे बसून हो-नाही सांगणं बरोबर नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

गटप्रवर्तक_चंद्रपूर
ताईंनी आज तुम्ही सांगितलं तसं केलं. सावलीतल्या फोटोत चट्टा पांढरा नाही, तांबूस-फिकट आहे, साधारण 4 सेंमी. उजव्या हातावर 10 पैकी 10 वेळा बोट बरोबर ठेवलं. चट्ट्याच्या आत 10 पैकी 3 वेळाच कळलं, त्यातही एकदा बोट पार कोपराजवळ गेलं. पाठीवरही फिकट ठिपके आहेत. नखाने खरवडले तर कोंडा निघतो, स्पर्श कळतो.

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
हातावरचा चट्टा संशयित म्हणून नोंदवा आणि या आठवड्यातच वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवा. पाठीवरचं वर्णन शिब्यासारखं आहे, पण चट्टे मोजताना काय धरायचं ते तेच ठरवतील, कारण पाचपर्यंत की जास्त यावर उपचाराचा गट ठरतो. पाठ, कंबर, मांड्या, सगळं अंग आशाताईंनीच आडोशाला, उजेडात बघावं.

रानवारा
म्हणजे स्पर्श कळला की कुष्ठरोग नाही, एवढं तरी पक्कं?

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
नाही. जंतू खूप असलेल्या प्रकारात अंगभर, दोन्ही बाजूंना, अस्पष्ट कडेचे चट्टे येतात आणि त्यांत सुरुवातीला स्पर्श शाबूत असू शकतो. कानाची पाळी जाड, त्वचा तेलकट चकचकीत दिसली तर स्पर्श कळूनही पाठवाच.

उपकेंद्र_सेविका
थंड-गरम पाण्याच्या नळ्यांनी गावातच तपासावं का? थंड-गरम कळणं आधी जातं ना?

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
आधी जातं, हे खरं. पण गावात पाण्याचं तापमान टिकत नाही आणि उत्तरं गोंधळतात. मी ते दवाखान्यावर सोडतो.

उपकेंद्र_सेविका
मला पटत नाही. कापसाने शंका राहिली की आम्ही थर्मासमधलं कोमट पाणी लगेच वापरतो, उपयोग होतो.

गटप्रवर्तक_चंद्रपूर
बाईंच्या डाव्या करंगळीला मुंग्या येतात असं आत्ता कळलं. तेही चिठ्ठीत लिहू का?

कुष्ठरोग_तंत्रज्ञ
अवश्य, सगळ्यात वर लिहा. करंगळीची नस कोपराच्या आतल्या बाजूने जाते, ती सुजली असेल तर हाताची ताकद जाऊ शकते. करंगळी बाजूला ताणून धरायला सांगा, तुम्ही बोटाने हळू आत ढकला आणि दोन्ही हातांची तुलना करा. डावी लगेच आत आली तर आठवडा थांबू नका, उद्याच पाठवा.