झाकणाचा इंटरलॉक: हंगामापुरता बांधून ठेवला तर?

आंबेवाला_देवगड: आमच्या पल्परच्या झाकणाचा स्विच दिवसातून दहादा ट्रिप होतो. क्रेट रांगेत पडून आंबे मऊ होतायत. हंगाम संपेपर्यंत स्विच बांधून ठेवला तर काय बिघडेल? साफ करायच्या आधी मशीन बंदच असते.

वायरमन_बापू: मी पूर्वी होतो त्या पल्प कारखान्यात हेच झालं. आयटीआयचा अप्रेंटिस, पोरगा हुशार. ट्रिपला कंटाळून त्याने स्विचचा लिव्हर झिप टायने दाबून बांधला. दुपारपर्यंत लाइन मस्त चालली, सुपरवायझरही खूश.

मग मशीन आपोआप थांबली. पोराला वाटलं चोथा अडकला. झाकण वर केलं आणि लाकडी उलथनं घेऊन वाकला. आमचे जुने फिटर, तात्या, पलीकडे पंप बघत होते. झाकण उघडं आणि पॅनलवर लाल दिवा नाही, हे त्यांना दिसलं. स्विच धड असता तर उघड्या झाकणाला तो दिवा लागलाच पाहिजे. त्यांनी पोराची कॉलर धरून मागे ओढला. तेवढ्यात रोटर फिरला आणि उलथन्याचे दोन तुकडे झाले.

मशीन थांबली होती ती पुढची टाकी भरली म्हणून. पंपाने गर किटलीत ओढला, टाकीतला फ्लोट खाली आला आणि ऑटोवरच्या मशीनने स्वतःच स्टार्ट घेतला. तात्या एवढंच म्हणाले, "मशीन थांबलला आसा, बंद नाय झाला."

ओरडले नाहीत. टाय कापला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि झाकण उघडं ठेवून पोराला फ्लोट हाताने खाली करायला लावला. मशीन हलली नाही. झाकण लावलं, तरी हलली नाही. रिसेट दाबल्यावरच चालू झाली. झाकण उघडल्यावर थांबवणं हे स्विचचं अर्धंच काम. आत हात असताना चालू होऊ न देणं, हे दुसरं अर्धं. टाय बांधला की दोन्ही जातात, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

सरळसोट: गोष्ट ठीक, पण चूक इंटरलॉकची नाही. झाकण उघडायच्या आधी आयसोलेटर पाडा, कुलूप लावा, चावी खिशात. मग स्विच असला काय, नसला काय.

वायरमन_बापू: जाळी बदलायला, बेअरिंगला हात घालायला तुमचंच बरोबर, तिथे नुसत्या इंटरलॉकवर विसंबू नये. पण चोथा तासाला चारदा अडकतो. दर वेळी पॅनलपर्यंत जाऊन कुलूप लावणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आणि आयसोलेटर पाडला तरी रोटर काही सेकंद फिरतच राहतो.

मालवणची_सुमन: आमच्याकडेही पावसात सारखं ट्रिप होतं! गिझर लावला की घरच अंधारात. इलेक्ट्रिशियन म्हणतो ते ट्रिपचं खोकंच काढून टाकू.

वायरमन_बापू: ताई, तो वेगळा स्विच, शॉकपासून वाचवणारा. तोही काढू देऊ नका. आधी गिझरचा हीटर तपासून घ्या.

बर्फवाला: आमच्या बर्फ कारखान्यात क्रशरला जाळीच नाही, तर स्विच कुठला! वीस वर्षं कुणाला काही झालं नाही. माणूस सावध असला की पुरे.

कायदेपंडित_कणकवली: फिरत्या भागांना जाळी हवी, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातही कलम २१ मध्ये होतं. अप्रेंटिसलाही ते संरक्षण आहे, १९६१ च्या कायद्याचं कलम १४ बघा. बापू, मला प्रश्न पोराचा नाही, सुपरवायझरचा पडतो. लाइन अचानक सुरळीत चालायला लागली, तर का, हे त्याने विचारलं का?

वायरमन_बापू: नाही विचारलं. त्यावरून आमच्याकडे बरंच वाजलं.

आंबेवाला_देवगड: कबूल, पण ट्रिपचं काय? रोज दहा वेळा थांबणं मला परवडत नाही.

वायरमन_बापू: आमच्याकडे बिजागरीची पिन झिजली होती. मशीन चालली की झाकण थरथरून किंचित वर उचललं जायचं, आणि लिव्हर जेमतेम दाबलेला असायचा. पिन बदलली, स्विच जरा खाली सरकवला, अर्ध्या तासाचं काम. तुमचं झाकण मशीन बंद असताना हाताने हलवून बघा. ढकलल्यावर टिकटिक आली तर तेच. टिकटिक नाही तर स्विच उघडा, आत रस सुकून चिकट झाला असेल. आणि नवा घ्यायचाच तर कोडेड चुंबकी घ्या. लिव्हर टायने बांधता येतो, साधा चुंबकी साध्या चुंबकाने फसतो, कोडेड तसा फसत नाही.

सरळसोट: कोडेडचीही सुटी जोडी मागवून कुणी पॅनलजवळ टांगून ठेवेल.

वायरमन_बापू: ठेवतात. बघितलंय.

आंबेवाला_देवगड: आत्ता जेवणाच्या सुट्टीत बघितलं, टिकटिक येते. पिन कुडाळहून मागवतो. पण तोवर दोन दिवस चालवायचं कसं ते कुणी सांगा, मालक वर उभे आहेत.

बर्फवाला: बांधा आणि सावध रहा.

वायरमन_बापू: बांधू नका. झाकण खाली घट्ट दाबून धरणारा क्लॅम्प लावा, स्विच तसाच ठेवा. उघडायला अर्धं मिनिट जास्त जाईल.