अनुभव धागा: युवा संसदेतली पहिली पाच मिनिटं

सायली_ठाणे
काल लेक शाळेतून आली ती दारातच खणखणीत आवाजात ओरडली, "माननीय सदस्यहो, माननीय अध्यक्ष!" कुकरची शिट्टी राहिली बाजूला. युवा संसदेत ती मार्शल आहे. मला आमचं कॉलेज आठवलं. मी निवेदक होते आणि अध्यक्षांची ओळख दीड पान लिहून आणली होती: जन्म, शिक्षण, वक्तृत्वाची बक्षिसं. मार्शलनं आधीच घोषणा केल्यामुळे सगळे 'खासदार' उभे, अध्यक्ष पडद्याआड उभा आणि मी वाचतेय. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच बसली, मग तिच्या शेजारची. परीक्षकांनी नंतर एवढंच विचारलं, "लोकसभेत अध्यक्षांचा सत्कार असतो का?"
तुमच्याकडे सुरुवात कशी झाली होती?

नाना_सातारा
मी तीनदा पीठासीन होतो. पहिल्यांदा इतका घाबरलो की शाळेत गेल्यावर टॉयलेटमध्येच. जास्त सांगत नाही.

बाकावरचा
😂😂 नाना सांगाच

नाना_सातारा
अरे मी इलेक्शन ड्यूटीचं म्हणतोय. मतदान केंद्राध्यक्ष. हा धागा दुसराच दिसतोय. असू दे. मॉकपोल करून मशीन क्लिअर करायचं विसरू नका, एवढं लक्षात ठेवा.

गुरुजी_निवृत्त
सायलीताई, परीक्षकांचं बरोबर होतं. ओळख करून द्यायचीच तर ती प्रेक्षकांसाठी, बैठक सुरू व्हायच्या आधी. मी बारा वर्षं मुलं बसवली. निवेदक पडद्यापुढे येऊन दोनच मिनिटं बोलायचा: हे लोकसभेचं सभागृह, अध्यक्षांच्या उजव्या हाताला सत्ताधारी, डाव्या हाताला विरोधक, टाळ्या नकोत, बाक वाजवायचे. मग तो निघून जायचा, परत यायचाच नाही. त्यानंतर मार्शलची एक ओळ. सगळे उभे. अध्यक्ष येऊन खुर्चीपुढे थांबतात, सभागृहाला नमस्कार करतात, सदस्य उलट नमस्कार करतात, अध्यक्ष बसले की मग बाकीचे.
चूक नेहमी इथेच व्हायची. अध्यक्ष झालेलं पोर घाबरून धपकन बसायचं आणि सदस्यांचे हात जोडलेलेच राहायचे. म्हणून मी त्याला मनात तीन आकडे मोजायला लावायचो.

मृदुला२२
आमच्या सरांनी नियम अध्यक्षांकडूनच वाचून घेतले होते, पंधरा कलमं 🙈 सहाव्याला विरोधी पक्षनेता पेंगत होता.

गुरुजी_निवृत्त
पंधरा कशाला? तीन पुरे. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, समोरच्या मंत्र्याला "तुम्ही" म्हणायचं नाही. नाव पुकारल्यावर जागेवर उभं राहून बोलायचं. आणि अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्यानं लगेच खाली बसायचं. हा तिसरा मुलांना ठाऊकच नसतो. मग अध्यक्ष बिचारा "शांत राहा, शांत राहा" करत घंटी बडवतो. नुसतं उभं राहिलं तरी काम होतं.

कोकणकन्या
मी अध्यक्ष होते. सगळे "अध्यक्ष महोदय" म्हणत होते, एकानं तर "मॅडम सर" म्हटलं. तेव्हा सुमित्राताई महाजन लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. मूळच्या आमच्या चिपळूणच्या. तरी कुणाला "महोदया" सुचेना!

एक_शंका
पण अध्यक्षांना मत नसतं ना? आमच्या निवेदकानं नियमांत तसंच सांगितलं होतं.

वकीलसाहेब
अर्धं बरोबर. पहिल्या फेरीत नसतं. समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्यांचंच, अनुच्छेद १००. तिथेच गणपूर्ती पण आहे, एक दशमांश. आणि मंडळी, लोकसभेत अध्यक्ष, राज्यसभेत सभापती. आमच्याकडे निवेदक "माननीय सभापती" म्हणाला आणि मार्शल लगेच "माननीय अध्यक्ष". एकाच खुर्चीत दोघं.

मृदुला२२
पंचायत समितीला सभापतीच असतात ना, गावाकडच्या मुलांच्या तोंडात तोच शब्द बसलेला असतो.

बाकावरचा
मी शपथ घेणारा नवीन खासदार. "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" आणि "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो", दोन्ही म्हणालो. दोन्हीकडून सेफ.

सायली_ठाणे
😂 गुरुजी, एक विचारते. लेकीच्या बाई म्हणतात नियम अध्यक्षांनीच सांगायचे, म्हणजे त्याला बोलायला मिळतं. नाहीतर तासभर नुसतं "पुढचा प्रश्न".

गुरुजी_निवृत्त
बाईंचंही चूक नाही म्हणवत. खऱ्या सभागृहात नियम कोणी वाचून दाखवत नाही, पण शाळेत त्या पोरालाही गुण मिळायला हवेत. मी एक-दोन वाक्यांवर भागवायचो. तुमच्या बाई काय करतात ते कळवा.

कोकणकन्या
सायली, मार्शलच्या ड्रेसचं काय केलंस? पांढरे हातमोजे मिळत नाहीयेत कुठे.

सायली_ठाणे
बँडवाल्याकडून आणले गं. दोन नंबर मोठे आहेत.