उत्तर: पहिलाच मेसेज धमकीचा

>> "गिऱ्हाईक काय बिघडलं ते सांगतच नाही, थेट 'एक स्टार देतो, तक्रार टाकतो' म्हणते. अशाले उत्तरच देऊ नये."

हे नाही पटलं. आमचं कृषी केंद्र आहे, जून-जुलैत असे मेसेज येतातच. धमकीवर एक अक्षर बोलायचं नाही. "भाऊ, बियाणं कोणतं, पेरणी कधीची, अन् पिशवीवरच्या लेबलचा फोटो पाठवा," एवढंच लिहायचं. मागच्या हंगामात एकानं असंच "दुकान बंद पाडतो" म्हटलं होतं. विचारल्यावर कळलं, सोयाबीन उगवलं नाही. त्याले तासातली माती उकरून फोटो टाकाले लावला. दाणे फुटले होते, पण कोंब मातीखालीच वाकडे झालेले. पेरणीनंतर जोराचा पाऊस, मग कडक ऊन, वर पपडी धरलेली. त्यात ट्रॅक्टरनं बी खोल गेलं. सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरच्या खाली गेलं की असं होतेच. दाणा सडलेला किंवा फुगलाच नसता, तर संशय बियाण्यावर घेतला असता. (तरी साचलेल्या पाण्यानंही दाणा सडते, म्हणून घाई नको.)

उरलेल्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभरानं मोजाले सांगतो. सत्तरच्या खाली कोंब आले तर माल प्रमाणात बसत नाही. मग मीच त्याले म्हणतो, बिल, पिशवी, लेबल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार दे, अन् पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नको. त्या भाऊचे एकोणऐंशी आले.