भाड्याच्या घरात सेफ्टी डोअर आणि आरओ बसवायचंय, मालकांना परवानगी कशी मागू? अर्जंट मदत हवी आहे

औसा_रोडवाला
नमस्कार. भाड्यानं राहतो. समोरच्या दाराला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर आणि स्वयंपाकघरात आरओ बसवायचाय. खर्च सगळा माझा. जाताना सगळं काढून घर होतं तसं करून देईन असं मालकांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "लिहून पाठवा, बघू." फिटर रविवारी येतोय. काय लिहू? कुणाकडं तयार मजकूर असेल तर टाका. जरा लवकर.

निवृत्त_बाबू
भाडेकरूला अजिबात परवानगी देऊ नका. एकदा दार बसवलं की उद्या भिंत पाडायचं म्हणतील. माझ्या नांदेडच्या खोलीचा अनुभव आहे. आधी त्याची पोलीस पडताळणी केली का ते सांगा.

मृणाल_परभणी
काका, ते भाडेकरूच आहेत. मालक नाहीत.

निवृत्त_बाबू
बरं बरं. तरी पडताळणी करून घ्या.

करवत_रंधा
दादा, फिटर राहू द्या, आधी हे सांगा. चौकट सागवानी आहे, लोखंडी आहे की ग्रॅनाइटची? तिला बाहेरच्या अंगाला खाच आहे का? दार उघडल्यावर समोर किती जागा राहते, जिना लागतो का? आणि ओट्यावरच्या टाइल्स किती जुन्या आहेत? मजकूर काय लिहायचा ते यावर ठरतं.

औसा_रोडवाला
चौकट लाकडी. खाचेचं माहीत नाही. टाइल्सचं काय संबंध? पाणी बोअरचं आहे, पोरगं प्यायला नको म्हणतंय. लातूरला आहे, पहिला मजला. खाली मालकांचे भाऊ राहतात, मालक पुण्यात.

गोदाकाठ
लातूर म्हणताच डोळ्यासमोर एप्रिल २०१६ मधली मिरजेहून आलेली ती पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही दिवसाला एक घागर मोजून प्यायचो. आरओ बिरओ काही नको, वीस लिटरचा जार लावा. मालकाची परवानगी नाही, भोक नाही, कटकट नाही.

मृणाल_परभणी
जार कुठल्या पाण्यानं भरलाय हे कुणी बघतं का? आमच्याकडच्या जारवाल्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजला तर ४०. दुसऱ्याचा ६००. आणि उन्हाळ्यात तो येतच नाही.

गोदाकाठ
ताई, टीडीएस म्हणजे सगळं नाही. माझ्या आजीनं आयुष्यभर विहिरीचं पाणी प्यायलं.

वकील_नाही_पण
इतकं घाबरायचं कारण नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर भाडेकरूला काढता येतं, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात दरवाजा, जाळी, स्वयंपाकाचा ओटा अशी कामं कायमचं बांधकाम धरत नाहीत. म्हणजे सेफ्टी डोअरला परवानगीच लागत नाही. बसवून टाका.

न्यायालय_रोड
थांबा. हे अर्धंच आहे. ते कलम भाडेकरूला घराबाहेर काढायच्या कारणांबद्दल आहे. आजकाल बहुतेकांचा करार असतो लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे तुम्ही परवानाधारक. मुदत संपली की मालक कलम २४ खाली ताबा मागतो, त्याला कारण लागत नाही. तेव्हा 'कायमचं बांधकाम नाही' हा मुद्दा हातात घेऊन काय करणार? तुमचं खरं भांडण अनामत रकमेवर होणार, आणि ते करारातल्या शब्दांवर ठरतं. औसा रोडवाले, करारात बदल किंवा फिटिंगबद्दल काय लिहिलंय? नोंदणी झालीय का?

औसा_रोडवाला
अकरा महिन्यांचा करार. स्टॅम्प पेपरवर, नोटरी केलेला. अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही ना? कलम ९ मध्ये लिहिलंय, "मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणतीही तोडफोड करू नये व जागा मूळ स्थितीत परत करावी." अनामत ४०,००० आहे.

न्यायालय_रोड
महाराष्ट्रात अकरा महिन्यांनाही लागते. त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. पण हे आता मालकांच्या तोंडावर मारू नका, परवानगी मागायची आहे तुम्हाला.

वकील_नाही_पण
मी तेच म्हणत होतो.

न्यायालय_रोड
नाही, तुम्ही बसवून टाका म्हणत होता.

करवत_रंधा
भांडण बाजूला ठेवा. घोटाळा "मूळ स्थितीत" या दोन शब्दांत आहे. माझ्याकडं घर सोडताना दुरुस्तीला बोलावणारे येतात, म्हणून सांगतो. टाइलला ड्रिलनं पाडलेलं भोक मूळ स्थितीत येत नाही. पांढरं सिमेंट, रंग मिसळून भरलं तरी ठिपका दिसतो, आणि तसल्या डिझाइनची टाइल दुकानात मिळत नाही. मग मालक म्हणतो टाइल बदला, आणि एक टाइल काढताना शेजारच्या दोन फुटतात. तुम्ही तोंडानं दिलेलं वचन पाळताच येत नाही. म्हणून मालकांना "होतं तसं करून देईन" असं लिहू नका. काय काय करणार आणि जाताना ते कसं बंद करणार तेवढंच लिहा, आणि "हे केलं म्हणजे पूर्ववत झालं" असं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

आरओला भिंतीवर दोन स्क्रू लागतात, एवढंच. ते टाळता येतं. मशीन ओट्यावर स्टँडवर ठेवा. पाणी सिंकच्या नळाखालच्या अँगल कॉकला डायव्हर्टर लावून घ्या, तो हातानं काढता येतो. सांडपाण्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडा. भोक एकही नाही. फिटर मात्र भिंतीवरच लावा म्हणेल, त्याला ते सोपं. ऐकू नका.

मृणाल_परभणी
भिंतीवरच लावायचा असेल तर टाइलमध्ये न पाडता दोन टाइलमधल्या सांध्यात भोक पाडायला सांगा. आम्ही तसंच केलं. भरल्यावर कुणाला दिसलं नाही.

करवत_रंधा
सांधा बरोबर मशीनच्या भोकांवर यायला पाहिजे ना. तुमचं नशीब.

दाराचं अवघड आहे. तुमची चौकट लाकडी म्हणता. तिला बाहेरच्या अंगानं खाच असेल, सुतार पताम म्हणतात ती, तर सेफ्टी डोअर चौकटीलाच बिजागरीवर लटकतं. जाताना बिजागरी काढून स्क्रूची भोकं लाकडाच्या भुशानं आणि फेविकॉलनं भरायची, वर पॉलिश. छान लपतं. खाच नसेल तर दोन वाटा. एक, जुन्या चौकटीत नवीन खाच मारायची, मग मूळ चौकट राहत नाही, तिथंच विषय संपला. दुसरी, बाहेर भिंतीवर लोखंडी चौकट रावळ बोल्टनं ठोकायची. बोल्ट काढल्यावर प्लास्टरचे पोपडे निघतात आणि त्या भिंतीला रंग द्यावा लागतो. तोही फक्त तिथं दिला तर ठिगळ दिसतं, पूर्ण भिंतच द्यावी लागते. वजनाकडंही बघा. लोखंडी दार जड असतं, जुन्या चौकटीचं लाकूड किडलेलं असेल तर चार महिन्यांत बिजागरी खाली येते. स्क्रू लावायच्या जागी आधी टोचा मारून बघा, आत गेला तर तिथं लटकवू नका. आणि दार बाहेर उघडणार, तेव्हा ते भाऊंच्या जिन्याच्या वाटेत तर येत नाही ना?

निवृत्त_बाबू
दार बाहेर उघडलं की वास्तुदोष होतो.

औसा_रोडवाला
काका कृपा करा. जिना वाटेत येतो थोडा. आता मोजतो. तोवर मजकूर सांगा ना, रात्री पाठवायचाय.

गोदाकाठ
आरओचं अजून एक विचारायचं राहिलं. टाकी कुणाची?

औसा_रोडवाला
एकच, छतावर. भाऊ आणि आम्ही दोघं वापरतो. उन्हाळ्यात टँकर.

गोदाकाठ
मग मालक 'बघू' का म्हणाले ते कळलं. त्यांना भोकाची नाही, पाण्याची चिंता असेल. घरगुती आरओत एक लिटर शुद्ध पाण्यामागं दोन-सव्वादोन लिटर वाहून जातं. चार माणसांना पिण्या-रांधण्याला १५ लिटर धरा, म्हणजे रोज तीसेक लिटर सिंकमध्ये. महिन्याला ९०० ते १,००० लिटर. टँकरच्या पाण्याचं भांडण यातूनच पेटतं. हे सांडपाणी बादलीत घ्या, फरशी पुसा, संडासात टाका. झाडांना नको, त्यात बोअरचे क्षार आणखी दाट होतात. आणि हे पत्रात लिहा, भाऊंना आधी सांगा.

मृणाल_परभणी
गोदाकाठ, आता आरओचा सल्ला देताय? मघाशी जार म्हणत होता.

गोदाकाठ
मी जारच वापरतो. पण बसवायचाच असेल तर नीट बसवा म्हणतोय. आणि आधी बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासा, साध्या टीडीएस मीटरला नायट्रेट, फ्लोराइड वेगळं कळत नाही.

न्यायालय_रोड
व्हॉट्सअॅपवर असं पाठवा. "काका, सप्रेम नमस्कार. कराराच्या कलम ९ प्रमाणे लेखी परवानगी मागतो. एक: स्वयंपाकघरात पाणी शुद्धीकरण यंत्र ओट्यावर स्टँडवर ठेवणार. टाइलला भोक पाडणार नाही. नळाखाली जोडणी लावणार, ती जाताना काढून नळ पूर्वीसारखा सुरू करून देणार. सांडपाणी बादलीत घेऊन वापरणार. दोन: समोरच्या दाराला बाहेरून सेफ्टी डोअर, चौकटीला इतक्या स्क्रूंनी. जाताना दार काढणार, भोकं भरून पॉलिश करणार. तेवढं केल्यावर चौकट पूर्ववत झाली असं आपण धरावं ही विनंती. आजचे फोटो सोबत. खर्च माझा, त्याची भरपाई भाड्यातून मागणार नाही. कृपया होय लिहून कळवावं." स्क्रूंचा आकडा मोजून घाला. होय आल्यावर हेच कागदावर छापून दोघांच्या सह्या घ्या आणि कराराला जोडा. फोटो चौकटीचे जवळून काढा, आधीचे ओरखडेही दिसले पाहिजेत.

वकील_नाही_पण
दार जाताना मालकाला विकायची अट घाला. तुमचं दार तुमचं.

न्यायालय_रोड
काढून नेण्याची मुभा असू द्या, विकत घ्यायचं बंधन घालू नका. मालक त्याच ओळीवर अडेल.

औसा_रोडवाला
पाठवलं. तासाभरात उत्तर आलं. आरओला होय, "बादलीचं पाळा" म्हणाले. दाराला म्हणाले, "बसवा, पण जाताना काढू नका, तसंच ठेवा. पैसे देणार नाही." आता बोला. दार साडेअकरा हजारांचं आहे.

मृणाल_परभणी
म्हणजे साडेअकरा हजारांचं दार त्यांना फुकट.

करवत_रंधा
वाईट नाही. काढायचंच नाही तर भरायचं, पॉलिश करायचं, भिंत रंगवायचं काही उरलं नाही. साधं लोखंडी जाळीचं कमी किमतीत बसवा, कुलूप मात्र चांगलं लावा. अकरा महिन्यांत करार वाढणार आहे का त्यावरही बघा.

न्यायालय_रोड
मी करणार नाही. काढू नका म्हणायचं आणि मूळ स्थिती कलम ९ मध्ये तशीच, म्हणजे उद्या भाऊ 'हे दार नको, काढा' म्हणाले तर खर्च तुमचा. "दार मालकाच्या इच्छेनं जागेवर राहील, ते काढण्याचा किंवा चौकट दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर नाही" एवढी ओळ आल्याशिवाय रविवारी फिटरला बोलावू नका.

औसा_रोडवाला
चौकट पाहिली. बाहेरून खाच नाही.

करवत_रंधा
मग रावळ बोल्ट. भिंतीचा फोटो टाका.